अर्धा तोटा घेतानाच

"मॅडम, चांदी जेवढी पडली त्याच्या दुप्पट माझे गेले. हे कसं काय?"

निखिलने हा प्रश्न चहाच्या कपात बघत विचारला होता. २०२५ची दिवाळी नुकतीच उरकली होती. ऑफिसात अजून कोणाच्या तरी डब्यातल्या चिवड्याचा वास रेंगाळत होता. बाहेर शॉप फ्लोअरवर पंचिंग मशीनचा दणका सुरू झाला होता, पण सुट्टीनंतरचा पहिला आठवडा असल्यामुळे त्यात जोर नव्हता. शिंदे मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला आणि त्याच्याकडे बघितलं. माझं टेबल या दोघांच्या मध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या गप्पा ऐकण्यावाचून मला गत्यंतर नसतं. इतर गप्पा ऐकल्या की विसरतो. हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. तोटा झालेला माणूस रागावतो, नशिबाला बोल लावतो, नाहीतर गप्प बसतो. निखिलची तक्रार तोट्याची नव्हतीच. हिशोब जुळत नाही, ही त्याची तक्रार होती.

आमचा कारखाना सातपूरला स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं, बनवतो. निखिल परचेसमध्ये आहे. चांदीशी त्याची ओळख मुहूर्ताच्या नाण्यांपुरती नाही. कॉन्टॅक्टरच्या आत जे दोन ठिपके एकमेकांना चिकटून वीज जोडतात, ते चांदीच्या मिश्रधातूचे असतात. त्यांचा भाव वाढला की सप्लायरचं पहिलं पत्र याच्याच टेबलावर येतं. शिंदे मॅडम अकाउंट्समध्ये आहेत. त्याआधी त्या बरीच वर्षं एका शेअर दलालाच्या ऑफिसात होत्या. पुढच्या खोलीत नव्हे, मागच्या, जिथे दिवसभराचे सौदे रात्री जुळवतात. लोकांनी काय विचार करून घेतलं हे त्या खोलीत कळत नाही. कोणी, कधी, किती आणि काय भावाला घेतलं, एवढंच दिसतं. मॅडम म्हणतात, तेवढं पुरतं.

त्यांनी निखिलकडून आकडे मागितले. त्याने मोबाइल पुढे केला. त्या म्हणाल्या, "स्क्रीन नको, कागदावर लिही." मग एका जुन्या गुड्स रिसीटच्या पाठीवर हिशोब सुरू झाला. त्याने चांदी घेतली होती ती ईटीएफच्या रूपात, म्हणजे डीमॅट खात्यात पडणारे युनिट, ज्यामागे फंडाच्या तिजोरीत खरी चांदी असते. त्याच्या फंडात एका युनिटमागे साधारण एक ग्रॅम. एप्रिलमध्ये त्याने ९५ रुपयांनी ५० युनिट घेतले. जुलैत ११० रुपयांनी आणखी ५०. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, धनत्रयोदशीच्या तीन-चार दिवस आधी, १७८ रुपयांनी ५००. आता भाव होता १४२. (पैसे सोडून पूर्ण रुपये धरले आहेत. मॅडमनीही तसेच धरले होते.)

"पाचशे?" मॅडम म्हणाल्या. "पन्नास, पन्नास आणि एकदम पाचशे?"

"बोनस आला होता. आणि एक एफडी मोडली."

यावर मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक रेघ ओढली आणि विचारलं, "ज्या दिवशी तू १७८ला घेतलेस, त्या दिवशी युनिटमध्ये चांदी कितीची होती?"

निखिलला प्रश्न कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही. भाव १७८ होता म्हणजे चांदी १७८चीच असणार ना? मॅडमनी फंडाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या दिवसाची एनएव्ही काढली. फंडाकडची चांदी लंडनच्या भावाने मोजायची, त्याला डॉलरचा दर लावायचा, आयात शुल्क वगैरे मिळवायचं, आणि युनिटच्या संख्येने भागायचं, असा तो हिशोब तेव्हा असायचा. उत्तर आलं १६०.

म्हणजे १६० रुपयांच्या चांदीसाठी निखिलने १७८ मोजले होते. वरचे १८ रुपये, सव्वाअकरा टक्के, चांदीचे नव्हतेच. ते गर्दीचे होते. पुढच्या पंधरवड्यात चांदी १६०वरून १४२वर आली, म्हणजे १८ रुपयांनी उतरली. आणि गर्दी ओसरली, तसे वरचे १८ही गेले. दोन्ही मिळून ३६. चांदी सव्वाअकरा टक्क्यांनी पडली, निखिल वीस टक्क्यांनी.

"अर्धा तोटा तुला भाव पडल्यामुळे झालाच नाही," मॅडम म्हणाल्या. "तो तू बटण दाबलंस त्याच क्षणी झाला होता. दिसला उशिरा."

मशीनचा दणका मध्येच थांबला. बहुतेक डाय बदलत होते.

मला वाटलं होतं इथे विषय संपेल. पण निखिल परचेसचा माणूस, त्याला भाव वर का गेला याचं कारण हवं असतं. ईटीएफ म्हणजे तर आतली वस्तू आणि बाहेरचा भाव सारखा राहतो अशी व्यवस्था, मग हे अंतर पडलंच कसं? मॅडमनी सांगितलं ते असं. रोजच्या दिवसांत हे अंतर पडू न देण्याचं काम बाजारातले मोठे व्यापारी करतात, त्यांना मार्केट मेकर म्हणतात. युनिट महाग झालं की ते फंडाकडे चांदी किंवा तिचे पैसे भरून नवे युनिट घेतात आणि बाजारात विकतात. पुरवठा वाढतो, भाव जागेवर येतो. पण त्यासाठी चांदी मिळायला हवी, आणि ती किरकोळ नव्हे, तीस-तीस किलोच्या विटांत. त्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्येच सुट्या चांदीचा खडखडाट झाला होता. ती उसनी घ्यायचे दर आकाशाला भिडले होते, न्यूयॉर्कहून विमानाने चांदी तिकडे नेत होते. आपल्याकडे त्याच वेळी दिवाळीची मागणी. विटा नाहीत, म्हणजे नवे युनिट नाहीत. जुनेच युनिट, आणि घ्यायला रांग लागलेली. मग भाव चांदीचा राहत नाही, रांगेतल्या जागेचा होतो.

"गणपतीत कोकणात जाणारी खासगी बस आठव," त्या म्हणाल्या. "सीट तीच, सावंतवाडी तीच, ड्रायव्हरही तोच. तिकीट तिप्पट. त्या दिवशी जायचंच असेल तर देतो आपण, कुरकुर करत. पण ते तिकीट जपून ठेवून पुढच्या महिन्यात विकायला कोणी जात नाही."

निखिलने एक चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, "मॅडम, सराफाकडे तरी कुठे स्वस्त होती? तिथेही वरचे पैसे लावत होते, वर तीन टक्के जीएसटी." हे बरोबर होतं, आणि मॅडमनीही ते मान्य केलं. भारतातली खरी चांदीसुद्धा तेव्हा लंडनच्या हिशोबापेक्षा चढ्या भावानेच मिळत होती. म्हणजे ते १८ रुपये कोणी हवेतून काढून लाटले नव्हते. टंचाई खरी होती. फरक एवढाच की ही टंचाई चांदीची नव्हती, त्या आठवड्यातल्या चांदीची होती. माल वाटेत होता. विमानं उतरली, दिवाळी झाली, टंचाई संपली. ज्याला लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायला नाणं हवं होतं त्याने वरचे पैसे दिले तर त्यात चूक नाही. त्याला ती वस्तू त्याच दिवशी हवी होती. निखिलला चांदी पाच वर्षांनी हवी होती. पाच वर्षांनी लागणाऱ्या वस्तूसाठी त्याने आजच्या घाईचा दर दिला.

त्याच दिवसांत काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी नवे पैसे घेणं थांबवलं होतं. या योजना आपल्या पैशांतून ईटीएफचे युनिट घेतात. ते चढ्या भावाने घ्यावे लागले असते आणि नुकसान गुंतवणूकदाराचं झालं असतं, म्हणून दार लावून घेतलं. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. दुकानदार स्वतःच शटर अर्धं ओढून सांगतोय की आज नका घेऊ, आणि बाहेरची गर्दी त्याचा अर्थ काढते की माल संपत आलाय, पळा. निखिलनेही ती बातमी वाचली होती. वाचून त्याने फंड ऑफ फंडचा नाद सोडला आणि थेट ईटीएफ घेतला.

हे अंतर आधी कळलं असतं का? कळलं असतं, आणि फार सोपं होतं. प्रत्येक फंड घराण्याच्या संकेतस्थळावर ईटीएफच्या पानावर iNAV असं लिहिलेला एक आकडा असतो. बाजार चालू असताना तो दिवसभरात बदलत राहतो आणि युनिटमधली चांदी साधारण कितीची आहे ते सांगतो. खरेदीच्या ॲपवर तो बहुधा दिसत नाही. तिथे दिसतो फक्त बाजारभाव, हिरव्या रंगात. दोन्ही शेजारी ठेवायचे, वजाबाकी करायची, iNAVने भागायचं. एखाद्या टक्क्याचा फरक चालतो. तीन-चार टक्के झाला की हात आखडायचा. दहाच्या पुढे गेला तर तो दिवस आपला नाही. आणि ऑर्डर टाकताना 'मार्केट' न टाकता 'लिमिट' टाकायची, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या वर सौदा होत नाही. घाईच्या दिवशी मार्केट ऑर्डर समोर जो विकणारा असेल त्याच्या भावाला जाऊन धडकते. आणखी एक ताडून बघण्याची युक्ती मॅडमनी सांगितली, ती मला आवडली. सगळ्या चांदी ईटीएफमध्ये चांदी तीच, ९९.९ टक्के शुद्ध. तेव्हा दोन-तीन फंडांचे बाजारभाव आपापल्या iNAVच्या किती वर आहेत ते बघायचं. एक पाच टक्के वर आणि दुसरा बारा टक्के वर असेल तर उरलेल्या सात टक्क्यांमागे काही कारणच नाही, फक्त लोकांना त्या फंडाचं नाव पाठ आहे.

इथे मॅडम जरा हसल्या. "निखिल, कॉपरची पट्टी घेताना तू काय करतोस?"

"तीन कोटेशन घेतो."

"आणि?"

"लँडेड कॉस्ट काढतो." हे म्हणताना त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो थांबला. कारखान्यासाठी चाळीस हजारांची पट्टी घेताना हा मुलगा लंडनच्या धातूबाजाराचा म्हणजे एलएमईचा भाव, डॉलर, ड्यूटी, वाहतूक असा तक्ता मांडून सप्लायरला दीड टक्क्यासाठी अर्धा तास फोनवर धरतो. iNAV म्हणजे दुसरं काय, चांदीची लँडेड कॉस्टच ती. फंडवाल्यांनी फुकट काढून ठेवलेली. कंपनीच्या पैशांसाठी तो जे रोज करतो, ते स्वतःच्या ८९ हजारांसाठी त्याने एकदाही केलं नाही.

का केलं नाही, याचं उत्तर मला त्या कागदात दिसतं.

कागदावर खालचा हिशोब असा होता. पहिले १०० युनिट त्याला पडले १०,२५० रुपयांना. १४२च्या भावाने त्यांचे झाले १४,२००, फायदा ३,९५०. नंतरचे ५०० युनिट पडले ८९,००० ना. युनिटमागे ३६ रुपये तोटा, म्हणजे १८,०००. एकूण तोटा १४,०५०. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चांदी ९५वरून १४२वर गेली होती, जवळजवळ दीडपट. या सगळ्या काळात निखिल चांदीत होता, आणि तरी त्याला तोटा झाला. चांदीच्या आलेखाकडे बघून कोणी म्हणेल काय सुंदर वर्ष गेलं. पण आलेखात रुपये किती होते ते दिसत नाही. चढाच्या वेळी त्याचे दहा हजार आत होते आणि उतार आला तेव्हा एक लाख. मॅडम म्हणाल्या की मागच्या खोलीत त्यांनी वर्षानुवर्षं हेच पाहिलं. लोक चुकीची वस्तू घेतात असं नाही. बरोबर वस्तू घेतात, लवकरही घेतात, पण चिमूटभर. मग ती वाढते, आणि वाढल्यावर मूठभर घेतात.

आणि पाचशेच का? निखिलने हे जरा वेळाने, कप चुरगाळत सांगितलं. जुलैत त्याला अडीचशे घ्यायचे होते. घरी विचारलं, सगळे म्हणाले बघू, म्हणून पन्नासच घेतले. त्यानंतर भाव रोज वर. सप्टेंबरभर तो रोज एकच गुणाकार करत होता: अडीचशे घेतले असते तर आज किती झाले असते. पन्नास युनिटवर होणारा फायदा त्याला फायदा वाटतच नव्हता, उरलेल्या दोनशेंवरचा तोटाच वाटत होता. ऑक्टोबरात बोनस हातात आला तेव्हा त्याने चांदी घेतली नाही, जुलैची भरपाई केली. म्हणून अडीचशेचे पाचशे झाले. मला हे ऐकून कसंतरीच झालं. पस्तावा खरेदीनंतर येतो असं आपण धरून चालतो. इथे तो आधीच आलेला होता, आणि खरेदी त्यानेच केली. पस्ताव्याने खरेदी करणारा माणूस वजाबाकी करायला थांबत नाही. त्याला आणखी एक दिवस हुकण्याची भीती असते.

मॅडमचं त्यापुढचं बोलणं मात्र त्याला लागलं असावं. त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरात घेतलीस तेव्हा चांदी का घ्यायची, हे तुला कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?" निखिलने पटापट सांगितलं: सोलर पॅनेलला चांदी लागते, इलेक्ट्रिक गाड्यांना लागते, जगात सलग पाचव्या वर्षी मागणीपेक्षा पुरवठा कमी आहे, आणि चांदी बहुतेक तांबं, शिसं, जस्ताबरोबर निघते त्यामुळे भाव वाढला म्हणून खाणी लगेच जास्त काढू शकत नाहीत. सगळं खरं. "यातलं एप्रिलमध्ये काय नव्हतं?" मॅडम म्हणाल्या. काहीच नवीन नव्हतं. पाच वर्षांचा तुटवडा एका उन्हाळ्यात तयार होत नाही. भाव वाढला नव्हता तेव्हा या कारणांचे व्हिडिओ कोणी पाहत नव्हतं, म्हणून कोणी बनवतही नव्हतं. भाव वाढला आणि कारणांना आवाज फुटला. आपल्याला वाटतं की कारण समजलं म्हणून आपण घेतलं. क्रम उलटा असतो.

आणि हे तपासायची सोपी खूण आहे. भाव पडल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास आंतरराष्ट्रीय भाव एका दिवसात जोरात आपटला आणि पुढचा आठवडाभर घसरत राहिला. त्या आठवड्यात सोलर पॅनेलमधून कोणी चांदी काढून घेतली नव्हती. खाणी दुप्पट झाल्या नव्हत्या. निखिलची चारही कारणं जागच्या जागी होती. तरी तो विकायला निघाला होता, कारण पाचवं आणि खरं कारण, म्हणजे भाव वाढतोय हे, संपलं होतं. मला वाटतं चढ्या भावाच्या खरेदीत पस्तावा इतका हमखास असतो तो यामुळे. भाव नेहमीच पडतो असं नाही. पण ज्याच्या खरेदीला भावाशिवाय टेकू नसतो, त्याला पहिली साधी घसरणही पुरते.

चांदीपुरतं बोलायचं तर घसरण साधी नसण्याचाही इतिहास आहे. जानेवारी १९८०मध्ये ती औंसाला ५० डॉलरला टेकली होती. अमेरिकेत दोन सख्ख्या भावांनी ती सौद्यांतून साठवत नेली होती. मग बाजाराने नव्या खरेदीवर बंधनं आणली, आणि घराघरांतून लोक चांदीचे काटे-चमचे वितळवायला घेऊन आले. खाणीतली चांदी वाढत नाही, पण फडताळातली वाढते. भाव पुरेसा चढला की आजीच्या तांब्या-पेल्यालाही पाय फुटतात. दोन महिन्यांत, मार्चअखेरीस, भाव अकरा डॉलरच्या खाली. २०११च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा पन्नासच्या उंबरठ्यावर आली, वायदे बाजाराने थोड्या दिवसांत अनेकदा मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची रक्कम, वाढवलं, उधारीवर घेतलेल्यांना पैसे भरता येईनात, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ती कोसळली. पन्नासची ती रेघ खऱ्या अर्थाने ओलांडली गेली ती २०२५च्या ऑक्टोबरात, पंचेचाळीस वर्षांनी. आपल्याकडे हे इतकं बोचत नाही, कारण १९८०ला डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५अखेर नव्वदीला आला होता. रुपयाच्या घसरणीने आपल्या पणजीच्या चांदीचं पाप झाकलं. डॉलरमध्ये घेणाऱ्याला ती सोय नव्हती.

त्या दिवशी निखिलने शेवटचं विचारलं ते विकण्याबद्दल. सगळे नको, फक्त चढ्या भावाचे थोडे विकतो, म्हणाला. मॅडमनी मान हलवली. डीमॅट खात्यात तसं निवडता येत नाही. जे आधी आले ते आधी गेले असं धरतात. शंभर युनिट विकलेस तर तुझे एप्रिलचे आणि जुलैचे जातील, कागदावर ३,९५० रुपये नफा दिसेल, आणि बारा महिने झालेले नसल्यामुळे त्यावर तुझ्या स्लॅबने कर. तोटा तसाच खात्यात. सगळे एकाच वर्षात विकलेस तर नफा-तोटा एकमेकांत वळता होईल. निखिल बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. स्वस्तात घेतलेलं आधी जातं आणि महागात घेतलेलं मागे उरतं, हा नियम कायद्याचा आहे, पण ऐकताना कायद्याचा वाटला नाही.

मॅडमनी त्याला विक किंवा नको विक, काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "१७८ विसर. तो भाव चांदीचा कधी नव्हताच. तिथे परत यायला चांदीला १४२वरून पंचवीस टक्के चढावं लागेल, आणि तिला तुझे १७८ माहीत नाहीत. आज तुझ्याकडे ८५,२०० रुपये रोख असते तर १४२ने चांदी घेतली असतीस का? घेतली असतीस तर ठेव. नसतीस तर ठेवायला कारण नाही." पुढच्या सोमवारी त्याने सगळे विकले, साधारण त्याच भावाला.

डिसेंबरात चांदी ६० डॉलरच्या वर गेली. युनिट १८५च्या पुढे. १७८ला घेऊन जो नुसता झोपून राहिला, तो महिना-दीड महिन्यात फायद्यात आला. हे इथे लिहायला मला फार आवडत नाही, कारण इतका वेळ मांडलेला हिशोब त्याने विस्कटतो. पण ते तसंच झालं. चढ्या भावाने घेतलेलं नेहमी बुडतं असं म्हणणं खोटं आहे. चढलेली वस्तू आणखी चढते, कधी कधी बरीच. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चढली ना. पण जो १६०ला थांबला होता तोही फायद्यात आहे, आणि त्याचा फायदा १८ रुपयांनी जास्त आहे. आणि ज्याने विकली तो विकणारच होता. १७८ला घेतानाच त्याने विकायचंही ठरवलं होतं, तारीख फक्त माहीत नव्हती."

त्याच आठवड्यात एका दुपारी निखिल पुन्हा त्यांच्या टेबलाशी आला. पंचिंग पूर्ण जोरात होतं, वार्निशचा वास आत येत होता. या वेळी त्याने मोबाइल पुढे केला नाही. एक कागद आणला होता, पुन्हा गुड्स रिसीटची पाठकोरी बाजू. वर iNAV, खाली बाजारभाव, वजाबाकी, भागाकार. अंतर एका टक्क्याच्या आत. मॅडमनी आकडे तपासले आणि बरोबर अशी खूण केली. मग त्यांनी कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर बोट ठेवलं. तिथे निखिलने 'कारण' असं लिहून पुढे दोन टिंबं दिली होती. त्यापुढे काहीतरी लिहून खोडलेलं दिसत होतं, इतकं गिरवून की कागद मागच्या बाजूने फुगला होता.

"हे राहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"हो," निखिल म्हणाला, आणि कागद घेऊन आपल्या टेबलावर गेला. तिथे सिल्व्हर कॉन्टॅक्टच्या सप्लायरचं भाववाढीचं नवं पत्र येऊन पडलं होतं. त्याने फोन उचलला आणि लँडेड कॉस्ट विचारायला सुरुवात केली.